लेव्हल बरोबर, दिशा बरोबर, तरी प्रीमियम शून्य. स्ट्राइक आणि एक्स्पायरी ठरवायची कशी?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. चार वर्षं चार्ट बघतोय. दिवसाच्या कॅन्डलवर आडव्या रेषा मारायच्या आणि त्या तुटल्या की शेअर घ्यायचा, एवढंच करतो. शेअरमध्ये बरं चाललंय. ऑप्शनमध्ये मात्र त्याच रेषा वापरून सतत पैसे जातात. नुकताच केलेला एक व्यवहार आकड्यांसकट देतो, कुठे चुकलं ते सांगा.

निफ्टी तीन आठवडे २४,८५० खाली अडकला होता. गुरुवारी दिवसाची कॅन्डल त्याच्या वर बंद झाली. त्यावरची पुढची रेषा २५,१५० ला होती, तिथून दोनदा माघार झालेली. शुक्रवारी सकाळी दहाला निफ्टी २४,८७० वर होता. टार्गेट २५,१५० धरलं आणि २४,७७० तुटलं तर बाहेर पडायचं ठरवलं. मंगळवारच्या एक्स्पायरीचा २५,१०० चा कॉल ४८ रुपयांना घेतला. २५,१५० ला जाणार म्हणजे २५,१०० आत येणारच, असा हिशोब होता. शिवाय ६५ च्या लॉटला फक्त ३,१२० रुपये.

पुढे असं झालं. शुक्रवारभर निफ्टी जागेवरच राहिला, बंद होताना कॉल ३१. सोमवारी सकाळीही निफ्टी तिथेच, कॉल २७. मंगळवारी अकराला निफ्टी २५,०१०, म्हणजे माझ्या बाजूने १४० अंक, आणि कॉल २९. अडीच वाजता निफ्टी २५,०२० आणि कॉल ५. बाजार २५,०३० ला बंद झाला, कॉल शून्य. गुरुवारी निफ्टीने २५,१५० गाठलं.

स्टॉपलॉस कधीच लागला नाही. टार्गेटही आलं. तरी पूर्ण रक्कम गेली. स्ट्राइक चुकली की एक्स्पायरी?

बुलरन_नगर

दोन्ही नाही, ओटीएम घेतलं हीच चूक. मी कायम चारशे-पाचशे अंक आतला कॉल घेतो. त्याला थीटा लागतच नाही, फ्यूचरसारखा चालतो. तू २४,४०० चा घेतला असतास तर १६० अंकांतले जवळजवळ सगळे मिळाले असते. विषय संपला.

देवगडकर

भावा, तू निफ्टीच्या चार्टवर रेषा मारतोस तिथंच घोळ आहे. आपण घेतो काय? कॉल. मग रेषा कॉलच्या चार्टवर मारायला हव्यात. मी पंधरा मिनिटांचा प्रीमियमचा चार्ट लावतो. तुझ्या कॉलला ४८ वर आधार होता का? नसेल तर घ्यायचाच नव्हता. माझा मागच्या आठवड्यात ६० चा आधार तुटला आणि कॉल थेट ३५ ला गेला. निफ्टी तर हललाही नव्हता. म्हणजे प्रीमियमची लेव्हलच खरी.

रेवा_ठाणे

देवगडकर, तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. निफ्टी हलला नाही आणि कॉल ६० चा ३५ झाला. तो आधार कोणी तोडला? वेळेने. निफ्टीच्या २४,८५० ला लोकांची आठवण असते, तिथे कोणी विकलेलं असतं, कोणी अडकलेलं असतं. कॉलच्या ६० ला तशी आठवण नसते. सोमवारचे ६० आणि मंगळवारचे ६० या दोन वेगळ्या वस्तू आहेत, कारण मधला एक दिवस संपलेला असतो. प्रीमियमचा चार्ट मुळातच उतारावर काढलेला असतो, त्यावर आडवी रेषा मारली की ती बहुतेक वेळा तुटणारच. त्यामुळे लेव्हल निफ्टीवर आणि आत-बाहेरचा निर्णयही निफ्टीवर. प्रीमियम हा फक्त त्याचा हिशोब.

आता वारणाकाठ, तुमचा व्यवहार. आधी स्ट्राइक बघू. २५,१०० चा कॉल ४८ ला घेतला म्हणजे मंगळवारी बंद होताना निफ्टी २५,१४८ च्या वर असेल तरच फायदा. तुमचं टार्गेट २५,१५०. म्हणजे तुमचा चार्ट शंभर टक्के खरा ठरला असता, अगदी वेळेवर ठरला असता, आणि तुम्ही शेवटपर्यंत थांबला असतात तर तुम्हाला दोन रुपये मिळाले असते. ज्या रेषेवर विकणारे उभे आहेत असं तुम्हीच म्हणता, तिच्या पलीकडे गेल्याशिवाय तुमचा नफा सुरूच होत नव्हता.

तुमचा चार्ट काय सांगत होता? २४,८५० तुटलंय, आता भाव याच्या वर राहील. मग स्ट्राइक त्या तुटलेल्या रेषेजवळची. त्या रेषेच्या वरचा प्रत्येक अंक तुमच्या खात्यात येतो. मी ऑप्शन कॅल्क्युलेटरवर बारा टक्के आयव्ही धरून बघितलं, तुमचे ४८ त्याच्याशी जुळतात. त्याच शुक्रवारी त्याच मंगळवारचा २४,८५० चा कॉल साधारण १४६ ला असणार. २५,०३० ला बंद म्हणजे त्याचे १८० झाले. टार्गेट न येताही ३४ रुपये वर. म्हणून या व्यवहारात आधी स्ट्राइक चुकली, मग एक्स्पायरी.

एक्स्पायरीचं सविस्तर रात्री लिहिते, दुकान बंद करायचंय.

वारणाकाठ

रेवाताई, २५,१४८ आणि २५,१५० हे शेजारी ठेवून कधी बघितलंच नव्हतं. मी टार्गेटजवळची स्ट्राइक घेणं म्हणजे टार्गेट गाठणं असं समजत होतो. पण १४६ चा कॉल म्हणजे साडेनऊ हजार. चुकलो तर तिप्पट जाणार ना?

रेवा_ठाणे

हाच प्रश्न सगळ्यांना पडतो, म्हणून नीट लिहिते. किती रुपये गुंतवले आणि किती रुपये धोक्यात आहेत हे वेगळं आहे. तुमचा स्टॉपलॉस २४,७७० होता, म्हणजे शंभर अंक खाली. त्यापुढच्या मंगळवारचा, म्हणजे अकरा दिवसांचा, २४,८५० चा कॉल त्या सकाळी साधारण २४५ ला असणार. लॉटला जवळपास सोळा हजार. शुक्रवारीच निफ्टी २४,७७० ला आला असता तर तो कॉल १९० च्या आसपास राहिला असता. तुम्ही ५५ रुपये तोटा घेऊन बाहेर पडला असतात, लॉटला साडेतीन हजार. तुमच्या स्वस्त कॉलमध्ये ३,१२० गेलेच. म्हणजे धोका जवळपास सारखा, पण एकात चुकलात तरच पैसे जातात आणि दुसऱ्यात बरोबर असूनही गेले.

यात एक खोट आहे आणि ती लपवत नाही. सोमवारी बाजार दोनशे अंक खाली उघडला तर २४,७७० ला बाहेर पडता येत नाही. तेव्हा महाग कॉलमध्ये तोटा साडेतीन हजारांवर थांबणार नाही. ज्याला ते झेपत नाही त्याने शनिवार-रविवार ओलांडून एक लॉटही ठेवू नये, किंवा पुढे लिहितेय तसा वरचा कॉल विकून खर्च कमी करावा.

आता एक्स्पायरी. मी एक्स्पायरी ठरवताना चार्ट बाजूला ठेवून आधी ऑप्शन चेन उघडते. भावाजवळच्या स्ट्राइकचा कॉल आणि पुट या दोन्हींची बेरीज करते. तुमच्या शुक्रवारी मंगळवारच्या एक्स्पायरीसाठी ती बेरीज साधारण २५५ येते. बाजार मंगळवारपर्यंत वर किंवा खाली सरासरी किती हलेल याचा सगळ्यांनी मिळून पैसे लावून केलेला तो अंदाज आहे. तुम्हाला हवे होते २८०. म्हणजे तीन सत्रांत सरासरीपेक्षा मोठी चाल, तीही एकाच दिशेने. असं होत नाही असं नाही, पण तेवढी घाई तुमच्या चार्टने कुठे सांगितली होती? चार्टने जागा सांगितली होती, वार सांगितला नव्हता. पुढच्या मंगळवारची तीच बेरीज ४१५ च्या आसपास येते. २८० त्याच्या आरामात आत बसतात. मी खरेदी करताना टार्गेटचं अंतर या बेरजेच्या दोन तृतीयांशापर्यंत असेल अशी एक्स्पायरी शोधते. हा कुठल्या पुस्तकातला नियम नाही, माझ्या वह्यांमधून आलेला आहे.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. दिवस चौपट झाले की चाल चौपट होत नाही, सरासरी दुप्पट होते. बाजार दोन पावलं पुढे, एक मागे करत जातो. एक दिवसात १९० अंक हलणारा निफ्टी दोन दिवसांत ३८० जाईल असं धरून आपण जवळची एक्स्पायरी घेतो आणि तिथे फसतो.

बुलरन_नगर

ताई, एवढी बेरीज कशाला? माझ्या पद्धतीत एक्स्पायरी बघावीच लागत नाही. आतला कॉल, थीटा शून्य.

रेवा_ठाणे

आतल्या कॉलबद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे आणि ते निम्मं महत्त्वाचं आहे. जितके आत जाल तितका वेळेचा हिस्सा प्रीमियममध्ये कमी. पण शून्य नाही. त्या शुक्रवारी पुढच्या मंगळवारचा २४,४०० चा कॉल साधारण ५६५ ला असणार. निफ्टी २४,८७० म्हणजे त्यात खरे ४७० रुपये, वरचे ९५ उरतात. त्यात काही भाग व्याजाचा आहे, पण बाजार जागेवर थांबला तर एक्स्पायरीला तेही जाणारच.

दुसरं, शंभर अंक विरुद्ध गेले तर तो कॉल ऐंशीच्या वर पडतो, २४,८५० चा ५५ पडतो. म्हणजे वेळेचं भाडं वाचवून तुम्ही दिशेचा धोका वाढवलात. दिशेची खात्री असेल तर ठीक. तिसरं, पुढच्या आठवड्याच्या इतक्या आतल्या स्ट्राइकला खरेदी-विक्रीच्या भावात कधी कधी चार-पाच रुपयांचं अंतर असतं. आत जाताना ते द्यायचं आणि घाईत बाहेर पडताना जास्त द्यायचं. तुम्ही मार्केट ऑर्डर टाकता की लिमिट?

बुलरन_नगर

मार्केट. ते अंतर कधी मोजलं नाही हे मान्य. या आठवड्यात बघतो. पण माझं म्हणणं कायम आहे, ब्रेकआउट लगेच पळणारा असेल तर आतलाच कॉल चांगला.

शरदकाका_सातारा

मी विकणाऱ्यांच्या बाजूचा माणूस आहे, वीस वर्षं झाली. तुम्ही जो २५,१०० चा कॉल घेतलात तो माझ्यासारख्याने विकलेला असतो. आम्हीही तीच २५,१५० ची रेषा बघतो. तिथे विकणारे आहेत असं दिसलं की तिच्या आसपासचे कॉल विकतो. तुमच्या टार्गेटची जागा ही आमच्या दुकानाची जागा आहे. रेवा म्हणते ते खरं, तिथे खरेदी करायची नसते.

एक भर घालतो. पूर्वी निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारी असायची, सप्टेंबर २०२५ पासून मंगळवारी आली. जुनी सवय असलेले बरेच लोक शुक्रवारी नवा आठवडा सुरू झाल्यासारखे खरेदी करतात. तेव्हा शुक्रवार हा एक्स्पायरीच्या चक्राचा पहिला दिवस होता, पाच सत्रं हातात असायची. आता शुक्रवारी घेतलं की तीनच सत्रं आणि मध्ये दोन सुट्ट्या. सुट्टीचे दोन दिवस विकणाऱ्याला फुकट मिळतात. सोमवारी सकाळी आम्ही त्याचीच वाट बघतो.

रेवा_ठाणे

काका, सत्रांचा मुद्दा अगदी बरोबर. सुट्टीबद्दल मात्र मला शंका आहे. वारणाकाठ यांचेच आकडे बघा. शुक्रवारी दहाला ४८, बंद होताना ३१, सोमवारी सकाळी २७. निफ्टी जागेवरच होता. १७ रुपये शुक्रवारी दिवसभरात गेले, शनिवार-रविवारचे फक्त चार. सुट्टी येणार हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे तिचे पैसे शुक्रवारी दुपारपर्यंत काढून घेतलेले असतात. शुक्रवारी तीनला विकून सोमवारी सकाळी फार काही हाती लागत नाही असं मला वाटतं.

शरदकाका_सातारा

एका शुक्रवारवरून कसं म्हणतेस? त्या सोमवारी बाजार थोडा घाबरलेला असेल, आयव्ही वर असेल, म्हणून कमी पडला. माझ्या अनुभवात सोमवारी पहिल्या अर्ध्या तासात चांगलं मिळतं.

स्वाती_अंबाजोगाई

मी शेअरचे ऑप्शन करते, त्यात आठवड्याची एक्स्पायरी नाही, महिन्याचीच. एका बँकेचा शेअर बरोबर लेव्हल तोडून वर गेला. मी शेवटच्या आठवड्यात त्याच महिन्याचा कॉल घेतला, तो आत आला, मी खूश. मग ब्रोकरचा मेसेज आला की मार्जिन भरा. कॉल विकत घेणाऱ्याला मार्जिन कशाला? मी वाद घातला, पण शेवटी घाईत विकावा लागला आणि निम्मा नफा गेला.

रेवा_ठाणे

स्वाती, निफ्टीचा हिशोब पैशांत मिटतो, शेअरच्या ऑप्शनचा प्रत्यक्ष शेअर घेऊन-देऊन मिटतो. आत असलेला कॉल एक्स्पायरीला ठेवलात तर स्ट्राइकच्या भावाने पूर्ण लॉटचे शेअर घ्यावे लागतात, काही लाखांचा मामला होतो. म्हणून शेवटच्या काही दिवसांत आत असलेल्या कॉलवर खरेदीदारालाही मार्जिन लागतं आणि ते रोज वाढत जातं. म्हणजे शेअरमध्ये तुमची खरी एक्स्पायरी शेवटच्या मंगळवारच्या चार-पाच दिवस आधीच येते. लेव्हल महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत तुटली तर मी पुढच्या महिन्याचाच कॉल बघते. मात्र पुढच्या महिन्यात सगळ्या स्ट्राइकना गिऱ्हाईक नसतं. शंभराच्या पटीतल्या स्ट्राइक बघायच्या आणि भावातलं अंतर जास्त दिसलं तर तो व्यवहार सोडायचा. लेव्हल कितीही सुंदर असली तरी.

वारणाकाठ

ताई, एक्स्पायरीची बेरीज कळली. पण माझ्या चार्टला किती दिवस लागतात हे कसं ओळखू? बेरीज सगळ्या बाजाराची, माझी पद्धत माझी.

रेवा_ठाणे

तुमच्याच चार्टवर मागे जा. तुमच्या नियमाने, म्हणजे दिवसाची कॅन्डल रेषेच्या वर बंद, असे गेल्या वर्षातले ब्रेकआउट शोधा. प्रत्येकात पुढची रेषा गाठायला किती सत्रं लागली ते मोजा. मधे भाव तुटलेल्या रेषेला परत येऊन गेला का तेही लिहा. हे परत येणंच जवळच्या एक्स्पायरीचा जीव घेतं. शेअरमध्ये त्याचा त्रास होत नाही, तुम्ही दोन दिवस थांबता. ऑप्शनमध्ये ते दोन दिवस विकत घेतलेले असतात.

वारणाकाठ

काल रात्री बसून मोजलं. माझ्या नियमात बसणारे सहाच सापडले. त्यातले दोन ब्रेकआउट तीन सत्रांच्या आत टार्गेटला गेले. आणखी तीन ब्रेकआउट पाच ते आठ सत्रांत गेले आणि त्या तिन्हींत भाव एकदा परत रेषेला शिवून आला. एक फसला. म्हणजे मी सहापैकी दोन व्यवहारांना पुरेल एवढीच मुदत विकत घेत होतो आणि सहाही बरोबर येतील असं धरत होतो. सहा ही संख्या फार थोडी आहे हे कळतं, मागची आणखी वर्षं काढतोय.

पण मग प्रश्न पडतो, पुढच्या आठवड्याचा का, थेट पुढच्या महिन्याचाच का नको? वेळ जितकी जास्त तितकं बरं ना?

रेवा_ठाणे

एका मर्यादेपर्यंत. लांबच्या एक्स्पायरीत रोजची गळ कमी असते, पण आयव्हीचा मार मोठा बसतो. तुमच्या त्या शुक्रवारी आयव्ही बाराची अकरा झाली असती तर मंगळवारच्या २४,८५० च्या कॉलचे दहा-अकरा रुपये गेले असते आणि पुढच्या मंगळवारच्या कॉलचे सतरा. महिन्याच्या कॉलचे त्याहून जास्त. आणि निफ्टी रेझिस्टन्स तोडून वर जातो तेव्हा आयव्ही बहुतेक वेळा खालीच येते, लोकांची भीती कमी झालेली असते. कॉल घेणाऱ्याला हे दरवेळी सोसावं लागतं. पुट घेणाऱ्याचं उलट, आधार तुटला की आयव्ही चढते आणि थोडी मदतच होते. म्हणून पुट घेताना मी थोडी जवळची एक्स्पायरी चालवून घेते, कॉलमध्ये नाही.

शरदकाका_सातारा

याचं सगळ्यात मोठं उदाहरण लोकसभेच्या निकालाचं. ४ जून २०२४ ला निफ्टी जवळपास सहा टक्के पडला. दुसऱ्या दिवशी सातशेहून जास्त अंक वर आला. ४ तारखेला दुपारी ज्यांनी लांबचे कॉल घेतले त्यांची दिशा अगदी बरोबर होती. पण ५ तारखेला व्हीआयएक्स इतका कोसळला की अपेक्षेएवढं कोणाला मिळालं नाही. बजेट, निकाल अशा दिवसांच्या आधी लेव्हल बघून लांबची एक्स्पायरी घेणं म्हणजे भीती महाग असताना ती विकत घेणं.

देवगडकर

म्हणजे जवळची घेतली तर वेळ खातो, लांबची घेतली तर आयव्ही खाते, आतली घेतली तर भांडवल लागतं. मग सामान्य माणसाने करायचं काय?

रेवा_ठाणे

देवगडकर, म्हणूनच वर म्हटलं होतं तो वरचा कॉल. वारणाकाठ यांच्याकडे दोन रेषा होत्या. २४,८५० आणि २५,१५०. पहिल्या रेषेवरचा कॉल घ्यायचा आणि दुसऱ्या रेषेवरचा विकायचा, दोन्ही पुढच्या मंगळवारचे. २४५ देऊन घेतलेला आणि ११३ घेऊन विकलेला, म्हणजे खर्च १३२. वेळ जाते तेव्हा घेतलेला गळतो तसा विकलेलाही गळतो. आयव्ही पडली तरी तसंच, एकाचा तोटा दुसरा बराचसा भरून काढतो. त्या मंगळवारी २५,०३० ला ही जोडी १६७ च्या आसपास असती, म्हणजे ३५ वर. एकट्या कॉलमध्ये ४७ मिळाले असते. थोडं कमी, पण गुंतवणूक निम्मी आणि सोमवारी बाजार खाली उघडला तर जास्तीत जास्त १३२ जाणार हे आधीच माहीत.

याच्या अडचणीही सांगते. विकलेल्या कॉलसाठी मार्जिन अडकतं, त्यामुळे १३२ गुणिले ६५ एवढ्यात भागत नाही. आधी खरेदीची ऑर्डर टाकायची, मग विक्रीची, म्हणजे मार्जिन कमी लागतं. बाहेर पडताना आधी विकलेला परत घ्यायचा. आणि टार्गेट लवकर आलं तर ही जोडी निराश करते. गुरुवारी २५,१५० आलं तेव्हा एकटा कॉल ३५५ च्या आसपास होता. जोडीची कमाल किंमत ३००, पण तीही एक्स्पायरीलाच मिळते, त्या गुरुवारी ती दोनशेच्या थोडी पुढे असणार. म्हणून ब्रेकआउट पळणारा वाटला तर एकटा कॉल, परत येईल असं वाटलं तर जोडी. बुलरन म्हणतात ते या अर्थाने खरं आहे.

बुलरन_नगर

या आठवड्यात मोजलं. तीनशे अंक आतल्या, पुढच्या आठवड्याच्या कॉलला खरेदी-विक्रीत दोन रुपयांचं अंतर होतं, पाचशे अंक आतल्याला सहा. दुपारी बारानंतर आणखी वाढलं. आता शंभर-दीडशेपेक्षा जास्त आत जाणार नाही आणि लिमिट ऑर्डर टाकेन. थीटा शून्य म्हणत होतो ते मागे घेतो.

स्वाती_अंबाजोगाई

रेवाताई, स्टॉपलॉस लेव्हलवर कळला. पण भाव टार्गेटलाही जात नाही आणि स्टॉपलॉसलाही नाही, मधेच बसून राहिला तर? माझे बरेच पैसे अशा बसण्यातच जातात.

रेवा_ठाणे

त्यासाठी मी तारखेचा स्टॉपलॉस लावते, व्यवहार करतानाच वहीत लिहून. वारणाकाठ यांच्या व्यवहारात लिहिलं असतं की तीन सत्रांत २४,९५० च्या वर बंद नसेल तर चौथ्या दिवशी सकाळी बाहेर. तीन का? कारण अकरा दिवसांच्या कॉलमध्ये पहिल्या तीन सत्रांत गळ मंद असते, हातात विकण्यासारखं काहीतरी उरतं. भावाजवळच्या कॉलची गळ शेवटच्या आठवड्यात जोर धरते. तो जोर सुरू व्हायच्या आधी निर्णय व्हायला हवा. यात एकदा असं झालंय की मी बाहेर पडले आणि दुसऱ्या दिवशी भाव पळाला. वाईट वाटतं. पण वहीतले बसून राहिलेले व्यवहार मोजले तर तारीख पाळल्याने वाचलेले पैसे जास्त निघतात.

वारणाकाठ

कालचा व्यवहार लिहितो. निफ्टी ज्या आधारावर तीनदा उभा राहिला होता तो सोमवारी तुटला. खालची रेषा २२० अंकांवर. सवयीने मंगळवारचा, म्हणजे दुसऱ्याच दिवशीचा पुट बघायला गेलो, १८ रुपयांना दिसत होता. मग बेरीज काढली. मंगळवारची १५५, पुढच्या मंगळवारची ३५०. २२० हे ३५० च्या दोन तृतीयांशाच्या आत बसतात. पुढच्या मंगळवारचा, तुटलेल्या आधाराजवळचा पुट घेतला. तारीख गुरुवारची लिहिलीय, तोपर्यंत शंभर अंक खाली बंद झाला नाही तर शुक्रवारी सकाळी बाहेर. आज भाव परत वर येऊन तुटलेल्या रेषेला खालून टेकलाय. तो १८ चा पुट आज शून्य झाला, माझा अठरा रुपये तोट्यात आहे आणि अजून हातात आहे.

काका आणि ताईंच्या वादासाठीही एक नोंद करून ठेवली होती. गेल्या शुक्रवारी सव्वातीनला मंगळवारच्या कॉल-पुटची बेरीज २१२ होती. काल सोमवारी साडेनऊला, आधार तुटायच्या आधी, १९६. निफ्टीत फरक जेमतेम पंधरा अंकांचा.

शरदकाका_सातारा

बघ, सोळा रुपये. एका रात्रीत, काही न करता.

रेवा_ठाणे

काका, व्हीआयएक्सही खाली उघडला होता काल. सोळांपैकी किती सुट्टीचे आणि किती त्याचे? वारणाकाठ, पुढचे आठ शुक्रवार लिहाल का, व्हीआयएक्ससकट? मीही लिहिते. सव्वातीन आणि साडेनऊ, याच वेळा.

वारणाकाठ

लिहितो. या शुक्रवारपासून इथेच टाकेन.